वाळूला मुरू द्या

गावात वाळूचा नवा फिल्टर सुरू झाला की पहिल्या दिवशी नारळ फुटतो, सरपंच नळ सोडतात आणि जमलेल्या माणसांना ग्लास भरून पाणी प्यायला देतात. पाणी दिसायला झकास असतं. माझी पहिली विनंती अशी, की नारळ जरूर फोडा, पण तो ग्लास पिऊ नका. त्या दिवशीचं पाणी फक्त गाळलेलं असतं, शुद्ध झालेलं नसतं. शुद्ध व्हायला अजून निदान तीन आठवडे आहेत.

मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला माणूस. मुरुड तालुक्यात आता बऱ्याच वाड्यांत योजनेची चर्चा चालू असते, आणि ‘उतारावरचं पाणी आहे, वाळूचा साधा फिल्टर बांधू’ असं कोणीतरी सुचवतंच. सुचवणाऱ्याचं बरोबर आहे. आपल्याकडे डोंगर समुद्राच्या इतका जवळ आहे की पाणी वरून खाली आपसूक येतं. नबाबाच्या काळात गारंबीला बांध घालून मुरुडला पाणी आणलं, ते याच उताराच्या जोरावर. संथ वाळू फिल्टरला वीज लागत नाही, तुरटी लागत नाही, यंत्र म्हणावं असं त्यात काही नसतं. लागतो तो दीडेक मीटरचा उतार आणि धीर. उतार आपल्याकडे भरपूर आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दलच आज लिहितोय.

आधी हे पाणी स्वच्छ कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. बहुतेकांना वाटतं, वाळू म्हणजे चहाची गाळणी, कण अडकतात आणि पाणी खाली जातं. पण रोगजंतू इतके बारीक असतात की वाळूच्या दोन दाण्यांमधली फट त्यांना कमानीसारखी असते. नुसत्या वाळूतून ते सहज पार होतात. खरं काम करतो तो वाळूवर धरणारा थर. पाणी सतत येत राहिलं की वाळूच्या माथ्यावर काही दिवसांत एक चिकट, तपकिरी-हिरवट साय जमते. तिच्यात शेवाळ असतं, कुजका पाला असतो आणि असंख्य सूक्ष्म जीव असतात. हे जीव पाण्यातून येणाऱ्या जंतूंना खातात, धरून ठेवतात, मोडून टाकतात. सायीच्या खालीही वाळूच्या प्रत्येक दाण्यावर असाच पातळ लेप चढतो, साधारण हातभर खोलीपर्यंत. म्हणजे फिल्टर ही जिवंत वस्तू आहे. तिला श्वास लागतो, खाणं लागतं, आणि घाई केलेली तिला चालत नाही.

आता वेगाचं बोलू. तासाला १० सेंटिमीटर, हा या फिल्टरचा वेग. वाळूवरचं पाणी एका तासात अंगठ्यासकट तळव्याच्या रुंदीएवढं खाली उतरावं, त्याहून जास्त नको. हा आकडा आजचा नाही. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना गाव त्याच एल्ब नदीचं पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गची घाण नदीत मिसळल्यावरचं. तरी तिथे साथ तशी फोफावली नाही, कारण आल्टोनाचं पाणी वाळूतून संथ गाळून येत होतं आणि हॅम्बुर्गचं तसंच नळाला जात होतं. रॉबर्ट कॉख यांनी हे तपासलं आणि बजावून ठेवलं की गाळण्याचा वेग तासाला १०० मिलिमीटरच्या वर नेऊ नका. म्हणजे आपले तेच १० सेंटिमीटर.

यातून टाकी किती मोठी हवी ते लगेच काढता येतं. समजा वाडी-गाव मिळून दीड हजार माणूस. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर धरले, तर रोजचे ८२,५०० लिटर होतात. एक चौरस मीटर वाळूतून तासाला १० सेंटिमीटरने २४ तासांत २,४०० लिटर उतरतात. भागाकार केला की जवळजवळ साडेचौतीस चौरस मीटर वाळू लागते. ती एका टाकीत घालू नका. चार बाय साडेचार मीटरच्या दोन टाक्या बांधा, मिळून ३६ चौरस मीटर. एक टाकी साफसफाईला बंद असली की सगळा भार दुसरीवर पडतो आणि तिचा वेग तासाला १९ सेंटिमीटर होतो. थोडे दिवस २० पर्यंत चालतं, म्हणून हे बसतं. एकच मोठी टाकी बांधली तर सफाईच्या दिवशी गावाला काय पाजणार? खर्च वाचवायला एकच टाकी सुचवणारा माणूस तुम्हाला भेटेलच. त्याला हाच प्रश्न विचारा.

या हिशोबातले ‘२४ तास’ नीट वाचा. पाणी रात्रंदिवस चालू राहणार असं त्यात धरलंय. पाणी पंपाने चढवायचं असेल आणि पंप आठच तास चालणार असेल, तर तेवढंच पाणी आठ तासांत पार करायला वेग तिपटीच्या जवळ, तासाला साडेअठ्ठावीस सेंटिमीटरवर जातो. आणि उरलेले सोळा तास पाणी उभं. वेग वाढण्यापेक्षा हे उभं राहणं वाईट. थरातले जीव प्राणवायूवर जगतात, तो वाहत्या पाण्यातूनच त्यांना मिळतो. पाणी थांबलं की काही तासांत तो संपतो, थर गुदमरतो, सडायला लागतो, आणि सकाळी पाण्याला डबक्यासारखा वास येतो. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीला खेड्यांसाठी या फिल्टरचा मोठा अभ्यास केला. हेगमधल्या एका आंतरराष्ट्रीय केंद्राबरोबरचा तो प्रकल्प होता. चार राज्यांत एकेका गावी प्रात्यक्षिक फिल्टर बांधले, त्यातलं महाराष्ट्रातलं गाव म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं बोरुजवाडा. त्या अभ्यासातली गावांच्या कामाची गोष्ट हीच होती, की बंद-चालू पद्धतीने चालवलेला फिल्टर पुन्हा सुरू केल्यावर काही तास जंतूंच्या दृष्टीने खराब पाणी देतो. यावर उपाय साधा आहे. पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये, फिल्टरच्या वरच्या अंगाला कच्च्या पाण्याची साठवण टाकी ठेवा. आपल्या हिशोबात ती ५५,००० लिटरची होते. पंप आठ तासांत ती भरेल आणि ती रात्रभर फिल्टरला पाणी देत राहील. ओढ्याचं किंवा बंधाऱ्याचं पाणी उताराने येत असेल तर या टाकीचीही गरज नाही. कोकणातल्या वाड्यांना हा फिल्टर मानवतो तो यासाठी.

वेगावरून एक प्रसंग सांगतो. गाव आपल्याच भागातलं, नाव घेत नाही. गणपतीचे दिवस होते. मुंबईहून चाकरमानी आलेले, एकेका घरात पंधरा-पंधरा माणसं. पाणी पुरेना म्हणून फिल्टर सांभाळणाऱ्या मुलाने बाहेर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी धो धो आलं, सगळे खूश. गौरी-विसर्जनानंतर मी तिथे गेलो, तेव्हा एका ताईने तिच्या पडवीच्या फळीवर ठेवलेली तपासणीची छोटी बाटली माझ्यासमोर धरली. ज्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यातली ती एक. बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालेलं.

“काका, नळाचं पाणी तर काचेसारखं दिसतंय. मग बाटली काळी का झाली?”

मी तिला फिल्टरवर घेऊन गेलो. आत यायचं पाणी बंद केलं, बाहेरचा व्हॉल्व्ह होता तसा ठेवला, टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली आणि दोघं पायरीवर बसलो. तासाभराने पातळी एक वीत-दीड वीत खाली. मोजली तर ३२ सेंटिमीटर. उत्तर तिला मिळालं. जोराने ओढलेल्या पाण्याने थरातले जंतू पुढे ढकलले होते आणि उरलेल्यांना खायला थराला वेळच मिळाला नव्हता. पाणी काचेसारखं दिसत होतं, कारण माती अडवायला नुसती वाळूही पुरते. दिसण्यावर जाऊ नका, असं आपण सुनांबद्दल म्हणतो. ते खरं तर पाण्याबद्दल म्हणायला हवं.

ही खडूची रेघ तुम्हीही महिन्यातून एकदा मारा. लागतो एक तास आणि एक फूटपट्टी. दहा-बारा सेंटिमीटर आलं तर ठीक. दोन्ही टाक्या चालू असताना वीसच्या वर गेलं तर व्हॉल्व्ह आवळा. गणपतीत जास्त पाणी हवंच असतं, तर त्याची तयारी आधी करा. दोन्ही टाक्यांची सफाई गणपतीच्या तीन आठवडे आधी उरकून घ्या. मग सणाच्या चार-पाच दिवस आधीपासून व्हॉल्व्ह रोज थोडा थोडा उघडत दोन्ही टाक्या वीसपर्यंत न्या. तेवढ्यात पाणी दुप्पट होतं. थराला झटका सोसत नाही, हळूहळू वाढवलेला वेग तो काही दिवस सोसतो.

तपासणीच्या त्या बाटलीबद्दलही दोन शब्द. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ साली ही सोपी पद्धत मांडली. पाणी बाटलीत रेघेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरात उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात आहेत असं धरायचं. गावाला जलजीवनच्या संचात या बाटल्या मिळतात. बहुतेक ठिकाणी त्या ग्रामपंचायतीच्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून असतात.

वाळू किती आणि कुठली, यावर ठेकेदाराशी तुमचा वाद होणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तळाला खडीचा तीसेक सेंटिमीटरचा थर, खाली जाड आणि वर बारीक होत गेलेला. त्यावर एक मीटर वाळू. तिच्यावर एक मीटर पाणी, आणि वर वीतभर मोकळी भिंत. एक मीटर वाळू ऐकून लोक म्हणतात, थर तर वरच धरतो, मग अर्धा मीटर टाकली तर काय बिघडलं? बिघडतं ते चार वर्षांनी. सायीचा थर जाड होत गेला की पाणी उतरेनासं होतं. मग वरची दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढावी लागते. साधारण दोन महिन्यांनी एकदा धरली, तर वर्षाला बारा सेंटिमीटर वाळू जाते. मीटरभर वाळू चार वर्षांत अर्ध्या मीटरवर येते, आणि अर्ध्या मीटरच्या खाली गेलं की खालच्या दाण्यांवरचा लेप पुरा पडत नाही. म्हणजे वरची अर्धा मीटर वाळू हा तुमचा चार वर्षांचा शिधा आहे. अर्ध्या मीटरने सुरुवात केलेला फिल्टर पहिल्याच खरवडणीला उपाशी राहतो. टाकी बांधतानाच आतल्या भिंतीवर खडीपासून अर्धा मीटर उंचीला तांबड्या रंगाचा पट्टा मारून घ्या. वाळू त्या पट्ट्याला टेकली की नवी भरायची, मग पाणी कितीही छान दिसत असो.

आपल्या ३६ चौरस मीटरला एक मीटर वाळू म्हणजे ३६ घनमीटर, तेरा ब्रासच्या आतबाहेर. ही चाळून, धुऊन उरलेली हवी, म्हणून विकत घेताना त्याहून बरीच जास्त घ्यावी लागते. दाणा बारीक रव्यासारखा हवा. साखरेएवढा जाड दाणा असेल तर फटी मोठ्या होतात आणि साय धरायला वेळ लागतो. मैद्यासारखा फार बारीक असेल तर आठवड्यात चोंदतो. गिलाव्याची वाळू जशी चाळतात तशी ही चाळावी लागते, पण धुवावी मात्र तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. धुतली की नाही ते ओळखायचं असं: काचेच्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वाळूच्या वर गाळाचा पापुद्रा दिसेल. तो दिसेनासा होईपर्यंत धुवायची. आता नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड येते, तिच्यात दगडाची भुकटी फार असते. ती धुतल्याशिवाय टाकली तर पहिल्या आठवड्यातच फिल्टर सिमेंट घातल्यासारखा बसतो.

आणि आपल्या दारातली वाळू? मुरुडच्या किनाऱ्यावर ती एवढी पडलीय, दाणाही बारीक आहे, मग लांबून कशाला आणायची, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. किनाऱ्याची वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे, हे एक. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती फिल्टरला नालायक आहे. चिमूटभर वाळू बशीत घ्या आणि तिच्यावर लिंबू पिळा. कान जवळ नेला तर चर्र आवाज येईल, बुडबुडे दिसतील. ते शिंपल्यांचे तुकडे आहेत. शिंपला म्हणजे चुना. आपल्याकडचं डोंगरातलं पावसाळी पाणी मऊ असतं, ते हा चुना हळूहळू विरघळवतं. दाणे झिजतात, वाळू बसते आणि पाण्यात चुना उतरतो. वरून मीठ. नदीची म्हणून विकलेली वाळूही खाडीच्या तोंडाची असू शकते, म्हणून ट्रकजवळ उभं राहून लिंबू पिळायला लाजू नका. मी कित्येकदा पिळलंय.

आता मुरण्याबद्दल, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. लोणचं घातल्या दिवशी कोणी वाढत नाही, आणि फिल्टर मात्र उद्घाटनाच्या दिवशीच प्यायला लागतो. नवी, धुतलेली वाळू म्हणजे कोरी वाळू. तिच्यावर साय धरायला, खालच्या दाण्यांवर लेप चढायला आपल्या उबदार हवेतही तीनेक आठवडे लागतात.

सुरुवात करायची ती खालून. स्वच्छ पाणी तळाच्या पाइपने उलटं, हळूहळू वर चढवायचं, वाळूच्या वर वीतभर येईपर्यंत. यामुळे वाळूत अडकलेली हवा बाहेर पडते. वरून पाणी ओतलं तर हवेचे फुगे आत कोंडतात आणि पाणी त्यांच्या कडेने मार्ग काढतं. मग वरून पाणी सोडायचं, तेही अगदी हळू, वाळूत खड्डा पडणार नाही असं. पहिले काही दिवस वेग तासाला दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचा, मग वाढवत दहावर न्यायचा. या काळातलं सगळं पाणी वाया घालवायचं. ‘वाया’ म्हणजे सुपारीच्या वाडीला द्या, केळींना द्या, पण नळाला नको. म्हणून फिल्टरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला एक वेगळी तोटी आणि व्हॉल्व्ह असावाच लागतो. नकाशात तो दिसला नाही तर मागून घ्या, नंतर कोणी बसवत नाही. दोन आठवडे झाले की रोज बाटली लावायला सुरुवात करा. लागोपाठ तीन दिवसांच्या बाटल्या काळ्या पडल्या नाहीत की फिल्टर मुरला. तीन आठवडे हा अंदाज आहे, बाटली हा पुरावा.

खरवडल्यानंतरही मुरायला वेळ द्यायचा असतो, पण तो थोडा. साय गेली तरी खालचे दाणे जिवंत असतात, त्यामुळे एक-दोन दिवसांत फिल्टर पुन्हा कामाला लागतो. अट एवढीच, की खरवडण एका दिवसात उरकायची. सकाळी पाणी वाळूच्या खाली वीतभर उतरवायचं, सपाट फावड्याने माथ्यावरची दोन सेंटिमीटर वाळू अलगद काढायची, पृष्ठभाग सारखा करायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा खालून पाणी चढवायचं. वाळूवर उभं राहायला फळ्या टाकायच्या, नुसते पाय रुतवायचे नाहीत. ‘उद्या बघू’ म्हणून उन्हात उघडी ठेवली तर खालचा थरही वाळतो, मरतो, आणि मग पुन्हा तीन आठवडे. आल्टोनाचा फिल्टरही याच गाठीला अडखळला होता. १८९२ ला ज्याने गाव वाचवलं, त्याच फिल्टरच्या सफाईत पुढच्या हिवाळ्यात बर्फाने घोळ घातला, एका टाकीचा थर नीट धरला नाही आणि गावात पटकीचे रुग्ण निघाले. आपल्याकडे बर्फ नाही, एप्रिलचं ऊन आहे. परिणाम तोच.

चार वर्षांनी नवी वाळू भरताना एक युक्ती आहे, ती घरच्या बायकांना लगेच कळते. जुनी, मुरलेली वाळू काढून फेकायची नाही. ती एका बाजूला सारायची, खाली नवी धुतलेली वाळू घालायची आणि जुनी पुन्हा वर पसरायची. विरजणच ते. जुन्या वाळूतले जीव वरच राहतात आणि थर लवकर धरतो. खरवडून काढलेली वाळूही लगेच धुऊन, वाळवून साठवली तर पुढच्या भरतीला कामी येते. तशीच ढिगाने ठेवली तर कुजते आणि मग धुतली जात नाही.

टीसीएल पावडर घालायची ती फिल्टरच्या नंतर, स्वच्छ पाण्याच्या टाकीत. काही जलसुरक्षक फार काळजीने ती कच्च्या पाण्यातच घालतात. असं केलं तर जंतूंच्या आधी तुमचा थर मरतो आणि तीन आठवड्यांची मेहनत एका डब्यात जाते. नंतर मात्र घालायचीच. फिल्टर बहुतेक जंतू काढतो, सगळे नाही, आणि पाइपातही घाण शिरू शकते. शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्टला पिवळी छटा आली की झालं.

उरला जून. पहिल्या पावसात ओढा जांभ्याच्या मातीने तांबडा होतो आणि ते पाणी फिल्टरवर गेलं तर दोन महिन्यांची खरवडण दोन दिवसांत येते. पाणी फिल्टरला चालेल का, हे ओळखायला अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली भरा, वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवा आणि तोंडातून सरळ खाली बघा. मथळ्याची अक्षरं वाचता आली तर पाणी थोडे दिवस चालण्यासारखं आहे. नाही वाचता आली तर थेट फिल्टरवर सोडू नका. आपल्या भागात मी तर म्हणेन की फिल्टरच्या आधी खडीचा हौद बांधल्याशिवाय योजना मंजूरच करू नका. आडवा लांबट हौद, त्यात तीन कप्पे, आधी मोठी खडी, मग मधली, मग बारीक. पाणी त्यातून आडवं, संथ जातं आणि माती खडीच्या बेचक्यात बसत जाते. ओढ्याच्या पात्रातच वाळूखाली छिद्रांचे पाइप पुरून पाणी घेतलं तर आणखी चांगलं. तांबड्या पाण्याच्या दिवसांत फिल्टर पूर्ण बंद करण्यापेक्षा वेग पावपट करा, म्हणजे थराला श्वास मिळत राहतो.

आणि एक निराशेची गोष्ट आधीच सांगतो. राजपुरी-आगरदांड्याकडच्या खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ आहे म्हणून कोणी हा फिल्टर सुचवत असेल, तर पैसे घालवू नका. विरघळलेलं मीठ या वाळूतून जसं येतं तसंच जातं. तिथे गोडं पाणी वरूनच आणावं लागतं.

ठेकेदार काम संपलं की हस्तांतराचा कागद घेऊन येतो, आणि तो बहुतेक नारळ फोडण्याच्याच दिवशी येतो. त्या दिवशी सही करू नका. ‘फिल्टर सुरू करून मुरवून देणे’ ही ओळ कामाच्या करारात आधीच घालून घ्या. वाळूची उंची तुमच्या फूटपट्टीने मोजा, खडूची रेघ मारून तासभर पायरीवर बसा, आणि गावातल्या बायकांनी स्वतः भरलेल्या लागोपाठ तीन दिवसांच्या, काळ्या न पडलेल्या तीन बाटल्या टेबलावर आल्या की मग सही करा.